‘सरकार’ लिहिताना ‘तर्कर’ का उमटतं?

पत्र: ताई, मी डिचोलीची. बारावीनंतर म्हापशाच्या एका क्लासात हिंदी टायपिंग शिकले, कृतीदेव फॉन्टवर. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या, सीएचएसएल परीक्षेत टायपिंगसाठी मी हिंदी माध्यम भरलंय. आता कळलं की चाचणी मंगल फॉन्टवर, युनिकोडमध्ये असते. घरी लॅपटॉपवर मंगल लावून बसले, तर ‘सरकार’ लिहिताना ‘तर्कर’ उमटतं आणि पहिल्या वेलांटीच्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ येतं. कृतीदेववर एका ॲपमध्ये माझा वेग ३४ दिसतो, दुसऱ्यात ३१. खरा कुठला धरायचा? चाचणीला अडीच महिने आहेत. इनस्क्रिप्ट नव्याने शिकू की काय करू? आणि पुढे मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची झाली तर हेच उपयोगी पडेल का?

उत्तर: तू ‘तर्कर’ हा शब्द जसाच्या तसा लिहून पाठवलास, हे फार बरं केलंस. तुझ्या लॅपटॉपवर नेमकं काय घडतंय ते त्या एका शब्दावरून कळलं. कृतीदेववर ‘सरकार’ लिहिताना तुझी बोटं या कळांवर पडतात:

```
ljdkj
```

कृतीदेवात l म्हणजे स, j म्हणजे र, d म्हणजे क, k म्हणजे काना. इनस्क्रिप्टमध्ये याच कळांवर वेगळी अक्षरं आहेत. तिथे l वर त आहे, j वर योगायोगाने र-च आहे, d वर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, आणि k वर क. म्हणजे त, र, हलन्त, क, र. वाचून बघ, ‘तर्कर’च होतं. तुझी बोटं बरोबर चालली आहेत आणि संगणकही बरोबर चालला आहे. फक्त बोटं रेमिंग्टनची, म्हणजे कृतीदेवाने घेतलेल्या जुन्या टाइपरायटरच्या मांडणीची आहेत आणि संगणकावर इनस्क्रिप्ट चालू आहे. मंगल फॉन्टचा यात काही संबंध नाही.

क्लासात ‘कृतीदेव शिकले’, ‘मंगल शिकले’ असं सर्रास म्हणतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कुठल्या कळेवर कुठलं अक्षर बसवलंय, ती झाली कळफलकाची मांडणी: रेमिंग्टन, इनस्क्रिप्ट वगैरे. ते अक्षर फाइलमध्ये कुठल्या क्रमांकाने साठवलं जातं, ती झाली सांकेतिक पद्धत, म्हणजे युनिकोड किंवा त्याच्या आधीची जुनी सोय. आणि पडद्यावर त्या अक्षराचं जे रूप दिसतं, तो झाला फॉन्ट. कृतीदेवासारख्या जुन्या फॉन्टमध्ये या तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकवून टाकल्या होत्या. इंग्रजी d च्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं, एवढीच ती करामत. फाइलमध्ये d-च साठवला जातो. म्हणून कृतीदेवातलं ‘भारत’ निवडून फॉन्ट मंगल केलास तर मराठी-हिंदी काही दिसणार नाही, हे दिसेल:

```
Hkkjr
```

युनिकोडमध्ये ‘क’चा स्वतःचा क्रमांक आहे, 0915. फॉन्ट मंगल असो, निर्मला असो किंवा आणखी कुठला, तो क्रमांक बदलत नाही. तो क्रमांक टाइप करताना तू d दाबलास की k, याच्याशीही त्याला देणंघेणं नाही. म्हणूनच युनिकोडमध्ये रेमिंग्टनची मांडणीही वापरता येते. मधे एक छोटं साधन लागतं, जे तुझ्या बोटांची सवय ओळखून योग्य क्रमांक फाइलमध्ये टाकतं.

त्यामुळे ‘इनस्क्रिप्ट शिकू का’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं: या चाचणीपुरतं नको. तू कोरी पाटी असतीस तर मी डोळे मिटून इनस्क्रिप्टच सांगितलं असतं. पण तुझी बोटं तिशीच्या पुढे धावताहेत. आता मांडणी बदललीस तर पहिले काही आठवडे वेग पार खाली येईल, आणि तो पुन्हा तिशीवर चढेपर्यंत अडीच महिने सरलेले असतील. शिवाय घाई झाली की बोटं जुन्या जागी पळतात, आणि परीक्षेच्या खोलीत तर घाई होतेच. तू रेमिंग्टन गेल धर. एसएससीच्या हिंदी चाचणीत साधारणपणे मंगल फॉन्टबरोबर इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टनचे प्रकार निवडायला मिळतात. रेमिंग्टनमध्येही गेल आणि सीबीआय असे दोन आहेत. दोन्ही टाइपरायटरच्याच कुळातले, पण काही कळा इकडच्या तिकडे आहेत. म्हणून ‘रेमिंग्टन’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नकोस, सूचनेत आलेलं पूर्ण नाव बघ आणि नेमक्या त्याच प्रकारावर हात बसव.

विंडोजच्या भाषांच्या यादीतून हिंदी किंवा मराठी घेतलीस की जो कळफलक येतो तो इनस्क्रिप्टचा असतो. तुझ्या बाबतीत झालं ते हेच. रेमिंग्टन गेल त्या यादीत तयार मिळत नाही, त्यासाठी ‘हिंदी इंडिक इनपुट’ हे साधन वेगळं बसवावं लागतं आणि त्याच्या पर्यायांतून रेमिंग्टन गेल निवडावं लागतं. मग इंग्रजीतून हिंदीवर जायला विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाब. बसवून झालं की पहिली परीक्षा ‘सरकार’ शब्दाचीच घे. `ljdkj` दाबल्यावर ‘सरकार’ उमटलं तर मांडणी बरोबर लागली. पुन्हा ‘तर्कर’ आलं तर अजून इनस्क्रिप्टच चालू आहे.

आता ते ठिपक्यांचं वर्तुळ. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागायची, कारण कागदावर ती डावीकडे असते. कृतीदेवाने ती रीत तशीच ठेवली. ‘दिल्ली’ लिहिताना आधी f, मग n. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम चालतो: आधी द, मग वेलांटी. दिसायला वेलांटी डावीकडे गेली तरी फाइलमध्ये ती द-च्या नंतरच असते. इनस्क्रिप्टवर तू अक्षराआधीच f दाबलास, वेलांटीला टेकायला अक्षर मिळालं नाही, म्हणून ठिपक्यांचं वर्तुळ आलं. रेमिंग्टन गेलवर तू जुन्या सवयीने आधी f दाबू शकतेस. क्षणभर वर्तुळ दिसलं तरी पुढचं अक्षर पडताच वेलांटी जागेवर बसायला हवी. वर्तुळ तसंच राहिलं तर त्या शब्दाची चूक धरली जाणार, हे पक्कं समज. रफाराचंही असंच तपासून घे. कृतीदेवात ‘कार्यालय’चा रफार तू ‘या’ पूर्ण झाल्यावर मारतेस. नव्या साधनावर ‘कार्यालय’, ‘वर्ष’, ‘मार्गों’ हे तीन शब्द मारून रफार कुठे बसतो ते पहिल्याच दिवशी बघ. तिसऱ्या शब्दात रफार, मात्रा आणि अनुस्वार एकाच ठिकाणी येतात, तिथेच क्रम बिघडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

याहून फसवी एक गोष्ट आहे, आणि तिच्यावर मी मुद्दाम वेळ घालवणार आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. कृतीदेवात ‘आ’ म्हणजे अ आणि काना, `vk`. ‘ओ’ म्हणजे अ, काना आणि मात्रा. युनिकोडमध्ये ‘आ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, 0906. अ-ला (0905) काना (093E) जोडलास तर पडद्यावर अगदी ‘आ’ दिसू शकेल, पण फाइलमध्ये दोन वेगळी अक्षरं पडतील. माणूस तपासत असेल तर त्याला फरक कळणार नाही. संगणक तपासताना क्रमांकाला क्रमांक जुळवतो. तुझं ‘आज’ त्याच्या ‘आज’शी जुळणार नाही आणि आपण तर बरोबर लिहिलं होतं म्हणून तू बसशील. चांगलं साधन `vk` दाबल्यावर दोन्ही मिळून आपोआप एक ‘आ’ करतं. पण गृहीत धरू नकोस, तपास. ‘आ’ टाइप करून एकदा बॅकस्पेस दाब. पूर्ण अक्षर गेलं तर ठीक. काना गेला आणि अ मागे उरला, तर साधन किंवा सवय बदलायला हवी. वर्ड उघडलेलं असेल तर अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून Alt आणि X एकत्र दाब, तिथे त्याचा क्रमांक दिसतो. 0906 दिसला तर खरा ‘आ’, 093E दिसला तर नुसता काना. पुन्हा Alt आणि X दाबलंस की अक्षर परत येतं.

कृतीदेवात काही जोडाक्षरांसाठी तू Alt धरून आकडे मारायला शिकली असशील. ते आकडे विसर. ते जुन्या फॉन्टमधल्या चित्राचे क्रमांक होते, युनिकोडमध्ये त्यांचा काही उपयोग नाही. इथे जोडाक्षर म्हणजे अक्षर, हलन्त, अक्षर. तेव्हा गेलच्या तक्त्यात हलन्ताची कळ कुठे आहे ते बघून तिच्यावर बोट बसव. ‘विद्यालय’, ‘उद्देश्य’, ‘प्रसिद्ध’ असे शब्द पहिल्या आठवड्यात भरपूर घे. आणि एक गोष्ट अजिबात करू नकोस: कृतीदेवात टाइप करून मग कन्व्हर्टरने युनिकोड करणं. छापखान्याच्या कामाला ते ठीक आहे, चाचणीत कन्व्हर्टर नसतो.

आता ३४ खरा की ३१ खरा. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण दोघे वेगळी गोष्ट मोजताहेत. एसएससीच्या सूचनेत हिंदीसाठी मिनिटाला ३० शब्द लिहिलेलं असतं आणि त्याच्याच पुढे ताशी सुमारे ९००० की डिप्रेशन, म्हणजे कळांचे ठोके. इंग्रजीला ३५ शब्द आणि १०,५००. ९००० ला ६० ने भाग, मिनिटाला १५० ठोके आले. त्याला ३० ने भाग, शब्दामागे ५ ठोके. म्हणजे तिथला ‘शब्द’ हा पाच ठोक्यांचं एक माप आहे. स्पेसही त्यात ठोका म्हणून धरायची. चाचणी दहा मिनिटांची, म्हणून तुला दहा मिनिटांत १५०० ठोके हवेत. पुष्कळ ॲप मात्र दोन स्पेसमधला मजकूर एक शब्द म्हणून मोजतात.

एक ओळ घेऊन मोजूया: ‘पणजी के सरकारी कार्यालय में हिंदी का काम बढ़ रहा है।’ कृतीदेवच्या कळांत ती अशी:

```
i.kth ds ljdkjh dk;kZy; esa fganh dk dke c<+ jgk gSA
```

पाहायला गेलं तर शब्द ११. कळा मोजल्या तर पूर्णविरामासकट ४२ आणि मधल्या १० स्पेस, एकूण ५२. पाचने भागले तर १०.४ शब्द. म्हणजे तेवढ्याच कामाला एक ॲप ११ म्हणणार, दुसरं १०.४. हिंदीत के, का, में, है असे चिमुकले शब्द ओळीओळीला येतात, म्हणून डोळ्यांनी मोजलेले शब्द जास्त भरतात. तुझे ३४ या हिशेबाने ३२ च्या आसपास येतात, आणि दुसरं ॲप चुकाही वजा करत असेल तर ३१ दिसणं अगदी रास्त आहे. तू ३१ धरून चाल.

(हीच ओळ इनस्क्रिप्टवर मारली तरी बेरीज ५२ च येते. कृतीदेवात ‘ण’ला दोन कळा लागतात आणि इनस्क्रिप्टला एक, पण ‘कार्यालय’ कृतीदेवात सात कळांत होतो आणि इनस्क्रिप्टमध्ये रफारासाठी हलन्त वेगळा मारावा लागल्यामुळे आठ. शब्दाशब्दाला फरक पडतो, ओळीत तो बराचसा भरून निघतो. शिफ्टची कळ वेगळा ठोका म्हणून धरली जाते की नाही हे ज्या परीक्षेला बसशील तिच्या सूचनेत बघ. मी वर ती धरलेली नाही.)

चुकांचा हिशेब वेगळा मांडायचा. एसएससीत पूर्ण चूक आणि अर्धी चूक असे दोन भाग असतात. शब्द गाळला, जास्तीचा घातला, दुसराच लिहिला, अक्षर चुकलं तर पूर्ण चूक. स्पेस चुकली, विरामचिन्ह चुकलं तर अर्धी. समज, दहा मिनिटांत तुझे १६४० ठोके झाले. पाचने भागून ३२८ शब्द, म्हणजे मिनिटाला ३२.८. त्यात पूर्ण चुका ९ आणि अर्ध्या ६. अर्ध्यांच्या ३ पूर्ण, एकूण १२. ३२८ मध्ये १२ म्हणजे साधारण ३.७ टक्के. वेग एका बाजूला, टक्का दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही आकडे रोज वहीत लिही. चुकांची मर्यादा प्रवर्गानुसार सूचनेत दिलेली असते, तिच्या निम्म्याच्या आत राहायची सवय कर. ही चाचणी केवळ पात्रतेची आहे. ४० चा वेग दाखवून गुणवत्ता यादीत वर सरकता येत नाही, पण चुकांचा टक्का ओलांडला तर लेखी परीक्षेचे गुण असूनही हातचं जातं. म्हणून मी तुला वेग वाढवायला सांगतच नाही. युनिकोडवर ३२-३३ वर स्थिर हो आणि चुका कमी कर.

चुकांमध्ये एक प्रकार आपल्याकडच्या मुलांना हमखास भोवतो. आपण मराठीत वाढलेले. डोळा ‘हिन्दी’ वाचतो आणि बोटं ‘हिंदी’ लिहून मोकळी होतात. ‘सम्बन्ध’चं ‘संबंध’, ‘गाँव’चं ‘गांव’, ‘बढ़’चं ‘बढ’. अर्थाने काही बिघडत नाही, पण उताऱ्यात जे छापलंय त्याच्याशी जुळलं नाही की शब्द चुकला. मराठीत अक्षराखालच्या नुक्त्याची सवयच नसते, त्यामुळे ड़ आणि ढ़ असलेले शब्द वेगळे काढून त्यांचा सराव कर: लड़का, सड़क, पढ़ाई, बड़ा, थोड़ा. आणि ओळीच्या शेवटी उभा दंड आहे की टिंब, ते उताऱ्यात बघून मार. मराठीच्या सवयीने टिंब पडलं की प्रत्येक वाक्यामागे अर्धी चूक जमा होत जाते, आणि उतारा संपेपर्यंत तिचा चांगलाच ढीग होतो.

अडीच महिन्यांचं म्हणशील तर पहिले दोन आठवडे घड्याळ लावूच नकोस. वर सांगितलेले अडचणीचे शब्द, वेलांटी, रफार, ‘आ’ आणि ‘ओ’, एवढंच. मग रोज दहा-दहा मिनिटांचे दोन उतारे, पाहिलेले नकोत, नवे. पाच मिनिटांचा वेग दहा मिनिटांच्या चाचणीला धरू नये, सातव्या मिनिटाला बोटं आणि लक्ष दोन्ही ढिली पडतात आणि चुका तिथेच साचतात. लॅपटॉपच्या चपट्या कळांवरून उठून एखादा साधा डेस्कटॉपचा कीबोर्ड यूएसबीला लावून घे. केंद्रावर तोच असतो, त्याच्या कळा खोल जातात आणि पहिल्यांदा हात ठेवला की वेग उतरतो. बॅकस्पेस चालतो की नाही हे त्या-त्या परीक्षेच्या सूचनेवर असतं. चालत असला तरी तीन शब्द मागे जाऊन दुरुस्ती करायला जे ठोके लागतात ते वेळ खातात. चालू शब्दातली चूक सुधार, मागे गेलेली सोडून दे.

हिंदी माध्यम भरलंस ते आता बदलत नाही, सीएचएसएलमध्ये अर्जात दिलेला पर्याय अंतिम असतो. पुढच्या अर्जासाठी मात्र सांगते. गोवा राजभाषा नियमांप्रमाणे ‘ग’ क्षेत्रात येतो, म्हणजे इथल्या केंद्रीय कार्यालयांतही बरंचसं काम इंग्रजीतून चालतं. आणि आपल्या राज्य सरकारच्या एलडीसी, म्हणजे कनिष्ठ लिपिक, पदांच्या जाहिराती काढून बघ. टायपिंगची अट इंग्रजीची असते, मिनिटाला ३० शब्द. कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट. मराठी आपल्या राजभाषा कायद्यात १९८७ पासून आहे, पण भरतीच्या टायपिंगला ती विचारली जाईलच असं नाही. डिचोलीत बसून सगळ्या दारांवर थाप मारायची असेल तर हिंदीची चाचणी आटोपल्यावर इंग्रजीचा ३०-३५ वेग करून ठेव. दोन्हींचा कळफलक वेगळा असल्यामुळे एकाने दुसऱ्याचा हात बिघडत नाही.

मराठीची परीक्षा म्हणजे तुझ्या डोक्यात महाराष्ट्राची लिपिक-टंकलेखकाची पदं असणार. तिथे मराठीचा ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग आणि त्याचं शासनमान्य प्रमाणपत्र मागतात. ते प्रमाणपत्र पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेचं, म्हापशाच्या क्लासचं पत्र तिथे चालत नाही. शिवाय अधिवासाची अट वाचल्याशिवाय पैसे भरू नकोस. मराठीचा ‘शब्द’ कसा मोजतात हे तर आधी विचारच. कारण ही ओळ बघ: ‘गोव्यातल्या सरकारी कार्यालयांमध्ये मराठीतून पत्रव्यवहार करण्याची मुभा आहे.’ डोळ्यांनी मोजले तर शब्द ८. इनस्क्रिप्टचे ठोके स्पेससकट ७४, म्हणजे पाचाच्या मापाने जवळजवळ १५ शब्द! हिंदीच्या ओळीत दोन्ही मापं जवळजवळ सारखी आली होती, इथे दुपटीचा फरक पडला. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटवते, हिंदी ते सुटे लिहिते, त्याचा हा परिणाम. एखाद्या ॲपने दोन स्पेसमधले शब्द मोजून तुझा मराठी वेग १७ दाखवला, तर घाबरून सराव सोडू नकोस, ठोके मोज.

मराठीकडे वळशील तेव्हा इनस्क्रिप्ट शीक. विंडोजमध्ये ते तयारच आहे, आणि कोकणीही देवनागरी असल्याने त्याच कळफलकावर लिहिता येते, म्हणजे गोव्यातल्या नोकरीत ते रोज कामाला येईल. मांडणी लक्षात ठेवायला सोपी आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि काना जिथे आहे तिथेच शिफ्ट धरून आ, वेलांटी जिथे आहे तिथेच शिफ्ट धरून इ. हिंदीत क्वचित लागणारा ळ शिफ्ट धरून n वर आहे, मराठीत तो ओळीओळीला येतो. आणि एक अक्षर फक्त मराठीच्या सरावातच भेटेल, ‘ऱ्य’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन, इनस्क्रिप्टवर या दोघांत एका शिफ्टचा फरक आहे:

```
o j d / e          दर्या
o Shift+j d / e    दऱ्या
```

‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘नोकऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कर्मचाऱ्यांना’ हे शब्द सरकारी आणि साध्या उताऱ्यांत सारखे येतात. शिफ्ट चुकली तर शब्द चुकला, म्हणून j वर शिफ्ट धरायची सवय या पाच शब्दांवर आधी करून घे.